नोंद घ्यावी : बाईंसाठी लिहिलेल्या एका अभंगाची हकिकत

यंदाची आषाढ पौर्णिमा १० जुलै २०२५ रोजी, गुरुवारी आली. फ्रीमाँटमध्ये कामाच्या दिवशी सर्वांना एकत्र येणे जमत नाही. म्हणून आमच्या मंडळाने शनिवारची, १२ जुलैची संध्याकाळ ठरविली. त्रिशरण-पंचशील, धम्मचक्कप्पवत्तन सुत्ताचे पठण आणि त्यानंतर ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपल्या एखाद्या शिक्षकाविषयी चार शब्द बोलावेत, असा कार्यक्रम होता. सारनाथच्या मृगदायवनात तथागतांनी पाच जणांना पहिला उपदेश केला तो हा दिवस. तेव्हा शिकविणाऱ्यांचे स्मरण याच दिवशी व्हावे, यात विसंगत काही नव्हते. आम्ही उत्साहाच्या भरात सांगून बसलो की, आम्ही आमच्या शाळेतील बाईंवर कविता वाचू. बाई बयाऐंशी वर्षांच्या आहेत आणि संभाजीनगरात, म्हणजे आमच्या जिभेवरच्या औरंगाबादेत, मुलाकडे राहतात. त्यांनाही पडद्यावर बोलवावे, असे ठरले.

कवितेचा पहिला खर्डा आम्ही एका बैठकीत उतरविला. त्यात दीपस्तंभ होता, परीस होता, ओल्या मातीला आकार देणारा कुंभार होता आणि ज्ञानाचा सागरही होता. लिहून झाल्यावर बरे वाटले. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की, बाईंचे नाव काढून तेथे दुसऱ्या कोणत्याही शिक्षकाचे नाव घातले असते तरी कवितेचे काही बिघडले नसते. बाईंनी आमच्यासाठी नेमके काय केले, हे त्या चोवीस ओळींत कोठेच नव्हते.

याचे कारण शोधताना आम्हांला आपल्या भाषेची एक अडचण दिसली. गुरूविषयी बोलण्याची जी तयार शब्दकळा मराठीत आहे, ती बहुतेक गुरूला देव मानणारी आहे. गुरूच ब्रह्मा, गुरूच विष्णू, असे म्हणणारा श्लोक आम्हीही लहानपणी शाळेच्या प्रार्थनेत हात जोडून म्हटलेला आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. मग आपण गुरूची थोरवी कोणत्या शब्दांत सांगायची? कालामांना उपदेश करताना तथागतांनी तर याहून पुढची गोष्ट सांगितली. कोणतीही गोष्ट परंपरेने आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा 'हा श्रमण आमचा गुरू आहे' एवढ्यावरून स्वीकारू नका, असे ते म्हणतात. स्वतः बाबासाहेबांनीही बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरू असल्याचे सांगितले, परंतु या तिघांपैकी एकालाही त्यांनी देव्हाऱ्यात बसविले नाही. म्हणजे आपल्याकडे गुरू आहेत, कृतज्ञताही आहे. मात्र तिचे शब्द वेगळे असले पाहिजेत. ते कोठे मिळतील, या शोधात आम्ही दोन जुन्या कवयित्रींकडे गेलो.

पहिल्या सावित्रीबाई. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो. परंतु त्या आधी विद्यार्थिनी होत्या आणि त्यांचे शिक्षक जोतीराव होते, हे आपल्या बोलण्यातून सुटून जाते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ती त्या शिकल्यानंतर. 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ सालचा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले आणि त्यानंतर सावित्रीबाईंनी 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' लिहिले. बावन्नकशी म्हणजे बावन्न कसांना उतरलेले, अस्सल सोने. हे काव्य म्हणजे जोतीरावांचे पद्यातले चरित्र. ज्यांच्याकडून अक्षर शिकलो, त्यांच्याविषयी साठीच्या जवळ आलेल्या विद्यार्थिनीने लिहिलेली ही कृतज्ञताच होय. परंतु तिची रीत पाहावी. जोतीरावांच्या आधीचा काळ कसा होता, शूद्रातिशूद्रांची स्थिती काय होती आणि त्या स्थितीत या माणसाने काय केले, या क्रमाने त्या बोलतात. गौरव आहे, पण तो कामाच्या पाठीमागून येतो. आधी हकिकत आणि मग नमस्कार, हा क्रम आम्ही त्यांच्याकडून घेतला.

दुसरी कवयित्री चंदा थेरी. थेरीगाथेत तिच्या अवघ्या पाच गाथा आहेत. आपण विधवा होतो, मूलबाळ नव्हते, नातलग नव्हते, अन्नवस्त्र मिळत नव्हते, हे ती पहिल्या गाथेत सांगते. पात्र आणि काठी घेऊन घरोघर भीक मागत, थंडीत आणि उन्हात सात वर्षे हिंडलो, हे दुसऱ्या गाथेत. मग एक भिक्खुणी दिसली. तिच्याजवळ जाऊन प्रव्रज्या मागितली. पटाचारेने करुणेने तिला प्रव्रज्या दिली, उपदेश केला आणि पुढे जाण्यास प्रवृत्त केले. शेवटी चंदा म्हणते की, तिचे बोलणे ऐकून आपण तसे केले आणि आर्येचा उपदेश वाया गेला नाही. एवढेच. पटाचारेसाठी या गाथांत एकही उपमा नाही. वर्षे मात्र मोजून सांगितली आहेत : सात. त्या एका आकड्याने चंदेची भूक आपल्याला जशी कळते, तशी कोणत्याही विशेषणाने कळली नसती. आणि गुरूची थोरवी तिने कशात मोजली? शिष्येच्या पुढच्या वागण्यात. गुरूचे बोलणे फुकट गेले नाही, ही तिची पोचपावती आहे.

या दोघींच्या कविता समोर ठेवून आम्ही आमचा खर्डा फाडला आणि आठवणी लिहून काढू लागलो.

बाई परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवीत. त्या स्वतः औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या. बाबासाहेबांनी ते महाविद्यालय १९५० साली उभे केले; त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. या दोन नावांचा अर्थ बाईंनी आम्हांला वर्गात सांगितला होता. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू. महाविद्यालयाला नाव मिळाले ते विद्यार्थ्याचे. गुरूचे नाव भोवतालच्या वनाला. संवाद सुरू होण्यापूर्वी नागसेनाने राजाला अट घातली होती : पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजांसारखे बोलणार असाल तर नाही. पंडित चूक दाखविली तर मान्य करतात, राजे शिक्षा करतात. बाई म्हणत, "माझ्या वर्गात तुम्ही सगळे मिलिंद. चूक दाखवायला भिऊ नका." ही अट पुढे आमच्याच अंगावर उलटणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

बाईंचे जे काम आम्हांला सर्वांत स्पष्ट आठवले, ते एका अर्जाचे. नववीत असताना शिष्यवृत्तीसाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा होता. घरात कोणी अर्ज लिहिलेला नव्हता. बाईंनी तो पाच मिनिटांत लिहून दिला असता. इतर मुलांना कोणी ना कोणी तसेच लिहून देत होते. त्यांनी आमच्यापुढे कोरा कागद ठेवला. 'प्रति' कोठे लिहायचे, 'विषय' एका ओळीत कसा बसवायचा, विनंती कोणत्या शब्दांत करायची, हे त्या तोंडी सांगत आणि चुकले की नवा कागद देत. चार कागद गेले. मग त्या आमच्याबरोबर कचेरीपर्यंत आल्या, पण आत आल्या नाहीत. पायरीवर सावलीत उभ्या राहिल्या. "तुझा अर्ज आहे, तूच बोल," म्हणाल्या. आतल्या कारकुनाने अर्ज परत केला, कारण खाली तारीख नव्हती. आम्ही रडवेले होऊन बाहेर आलो. बाईंनी पेन दिले आणि पुन्हा आत पाठविले.

पुढे मुंबईचे वसतिगृह, नोकरी, पारपत्र, व्हिसा आणि इथली कागदपत्रे, असे किती अर्ज केले याची गणती नाही. त्यांतील प्रत्येकावर आम्ही तारीख आधी लिहितो.

कवितेसाठी आम्ही अभंगाचा साचा घेतला. तो बाईंनीच शिकविलेला. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे आणि शेवटच्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक जुळते. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचे. म्हणजे 'शुल्क भरलेत' यात शु, ल्क, भ, र, ले, त अशी सहा. ऱ्हस्व-दीर्घाचे बंधन नाही. बोटांवर मोजता येते, म्हणून हा साचा शाळा न पाहिलेल्या माणसांनाही वापरता आला. आमच्यासारख्या हौशी माणसाला त्याचा आणखी एक उपयोग होतो. सहा अक्षरांत 'ज्ञानाचा अथांग महासागर' बसत नाही, 'कोरा कागद' बसतो.

तरीही साचा खोटेपणा पकडून देत नाही, हे आम्हांला लवकरच कळले. दहावीच्या परीक्षेचे शुल्क बाईंनी भरल्याचे आम्हांला पक्के आठवत होते. त्यावर आम्ही हे कडवे रचले :

शुल्क भरलेत / तुम्हीच आमुचे /
ऋण या जन्माचे / फिटेना हे ॥

अक्षरे बरोबर, यमक बरोबर. ऐकणाऱ्याचे डोळे ओलावतील, अशीही आमची खात्री होती.

कविता समारंभाआधी बाईंना वाचून दाखवावी की तेव्हाच ऐकवून चकित करावे, यावर आम्ही थोडा विचार केला. बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग मनात होता. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला आले. तेथे आपले जुने प्राध्यापक जॉन ड्यूई यांना भेटण्याची त्यांना ओढ होती. पण ते वाटेत असतानाच ड्यूई वारले. आपले सारे बौद्धिक आयुष्य ज्यांचे देणे आहे असे त्यांना वाटत होते, त्यांची भेट काही दिवसांनी हुकली, आणि ती हळहळ त्यांनी पत्रातून माईसाहेबांना कळविली. परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग फार जवळचा आहे. बयाऐंशी वर्षांच्या माणसासाठी 'चकित करू' म्हणून दिवस मोजत बसणे बरे नव्हे. आम्ही त्याच रात्री दूरध्वनी केला.

बाईंनी सगळी कविता शांतपणे ऐकली. अर्जाच्या कडव्यांना त्या हसल्या. शुल्काच्या कडव्याला मात्र गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे खरं नाही."

आम्ही म्हणालो, "बाई, तुम्हीच तर भरलं होतं."

"भरलं होतं. शेवटची तारीख त्या दिवशी होती आणि तुझ्या आईच्या हातात पैसे बाजाराच्या दिवशी यायचे, म्हणून भरलं. पण तिनं ते ठेवून घेतले नाहीत. खुरपणीच्या मजुरीतून तीन हप्त्यांत आणून दिले. शेवटच्या हप्त्याला मी नको म्हणत होते, तर तिनं पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, 'बाई, दुसऱ्या लेकराला लागतील.' तुला हे माहीत नाही?"

आम्हांला माहीत नव्हते. आई जाऊन अकरा वर्षे झाली. तिने हे कधी सांगितले नाही. आम्ही कधी विचारले नाही.

"मग ऋण फिटेना कसं लिहितोस तू?" बाई म्हणाल्या. "तिनं फेडलंय ते. माझा मोठेपणा करताना तिचा घाम पुसू नकोस. हे कडवं बदल, नाहीतर कविता वाचू नको."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कृतज्ञतेच्या कवितेत एक धोका असतो, तो आम्ही आमच्या हाताने केला होता. देणारा मोठा दिसावा म्हणून घेणाऱ्याचे घर रिकामे, लाचार दाखविण्याचा मोह होतो. मंचावरून बोलताना आपण अनेकदा असेच करतो : घरात काहीच नव्हते, सरांनी सारे दिले. ऐकायला चांगले वाटते. पण आपल्या आयांनी शेतात वाकून, कोणाची उधारी न ठेवता, जे उभे केले ते त्या वाक्यात गाडले जाते. सावित्रीबाईंनी जोतीरावांचा गौरव करताना काळाचा हिशेब मांडला. चंदेने आपली सात वर्षे स्वतःच्या नावावर ठेवली; ती पटाचारेच्या ओटीत टाकली नाहीत. आमचा हिशेब मात्र चुकला होता, आणि तो आमच्या मिलिंदपणाची अट पाळून बाईंनी आम्हांला दाखविला. या वेळी प्रश्न विचारणारे आम्ही नव्हतो, एवढाच फरक.

बदललेली कविता अशी झाली :

बाई, तुम्ही पुढे / कागद ठेविला /
कोराच तो दिला / आम्हां हाती ॥

'प्रति' कुठे येते, / 'विषय' कुठला, /
अर्ज पुन्हा केला / चार वेळा ॥

कचेरीचे दार / उंच ते वाटले /
पाऊल टाकले / आम्ही आधी ॥

तुम्ही पायरीला / उभ्या सावलीत /
शिकविली रीत / बोलण्याची ॥

शुल्क भरलेत, / आईने फेडले /
खुरपून दिले / हप्ते तीन ॥

दोघींच्या हातांनी / उघडले दार /
नको जयकार, / नोंद घ्यावी ॥

'नोंद घ्यावी' हे शब्द अर्जाच्या भाषेतले आहेत, कवितेच्या नव्हेत, हे आम्ही जाणतो. तेथे आधी 'वंदन हे' असे चार अक्षरांत बसणारे दुसरे शब्द होते. ते काढले, कारण वंदन एकीलाच पोचत होते आणि नोंद दोघींची होत होती.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही जमलो, तेव्हा औरंगाबादेत रविवारची सकाळ होती, साडेसात वाजले होते. बाई पांढरी साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र दिसत होते. आमच्या कन्येला देवनागरी सलग वाचता येत नाही, म्हणून तिला रोमन लिपीत कागद लिहून दिला होता. शेवटची दोन कडवी तिने वाचली. 'खुरपून' हा शब्द तिने दोन दिवस घोटला होता. खुरपे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी आम्ही हाताने जमीन उकरून दाखविली होती, आणि तेव्हा तिने विचारले होते की, आजी हे रोज किती तास करायची. त्याचे उत्तर आम्ही जमेल तेवढे दिले. आजीविषयी तिने विचारलेला तो पहिला प्रश्न.

कविता संपली तेव्हा कोणी लगेच टाळ्या वाजविल्या नाहीत. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आमच्या सगळ्या मंडळीसमोर म्हणाल्या, "आता बरोबर आहे. पण खाली तारीख नाही."

सभागृह हसले. आम्हीही हसलो, मात्र कागदावर लिहायला हात थोडा वेळ स्थिर होईना. लिहिले ते असे : १२ जुलै २०२५, फ्रीमाँट. त्याखाली सही केली. सहीत आमच्या नावापुढे वडिलांचे नाव येते, तसे येथे प्रथमच आईचे नाव लिहिले. तो कागद टपालाने बाईंकडे पाठविला आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.